निघणाऱ्या माणसाचा हिशेब

प्रश्न : मी बाभुळगावची. एचआर विषय घेऊन एमबीए केले. यवतमाळच्या एका सूतगिरणीत एचआर एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी मुलाखतीला गेले होते. पहिलाच प्रश्न आला, ‘आमचा एक फिटर सात वर्षे सात महिने नोकरी करून राजीनामा देतो आहे. त्याचा हिशेब कसा कराल आणि जाण्यापूर्वी त्याच्याशी काय बोलाल?’ मी म्हणाले, ‘हिशेब पंचेचाळीस दिवसांत करू, पाच वर्षे झाली म्हणून ग्रॅच्युइटी देऊ आणि तो का चालला ते विचारून त्याला थांबवायचा प्रयत्न करू.’ समोरचे तिघे एकमेकांकडे बघून हसले. मग तक्रारी कशा हाताळाल, नव्या माणसाला रुजू कसे करून घ्याल, हेही विचारले. माझे नेमके काय चुकले? आणि माणसे सांभाळायच्या कामाला एवढा कायदा कशाला?
– एक वाचक, बाभुळगाव (जि. यवतमाळ)

उत्तर : हसले म्हणून मनाला लावून घेऊ नका. तुमच्या उत्तरातली ग्रॅच्युइटी बरोबर होती, फक्त तिचा आकडा सांगायचा राहिला. पंचेचाळीस दिवस चुकले. आणि ‘थांबवायचा प्रयत्न करू’ हे वाक्य चांगल्या मनाने म्हटलेले असले तरी चुकीच्या जागी पडले. पण या तिन्हींच्या आधी एक पायरी सुटली. तुम्ही उत्तर देण्यापूर्वी काही विचारले नाही.

मुलाखत घेणाऱ्याला कलमे पाठ असलेला उमेदवार नको असतो. कलम पुस्तकात सापडते. त्याला बघायचे असते की समोर माणूस आला की तुम्ही आधी काय विचारता. कामगार कायद्यात बहुतेक गोष्टी तीन माहितींवर ठरतात : आस्थापनेत माणसे किती, हा माणूस कोणत्या प्रकारच्या नेमणुकीवर आहे आणि त्याची सेवा किती. सूतगिरणीत माणसे शेकड्यांनी असतात, त्यामुळे तिथे जवळजवळ सगळेच लागू होते. पण हाच प्रश्न धामणगाव रोडवरच्या बारा माणसांच्या दुकानात विचारला असता तर उत्तर बदलले असते. साधारण लक्षात ठेवायला, दहा माणसांपासून ग्रॅच्युइटी आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती लागू होते, वीसपासून भविष्य निर्वाह निधी आणि तक्रार निवारण समिती, आणि तीनशेपासून स्थायी आदेश. एवढी पट्टी डोक्यात असली की कुठल्याही प्रश्नाला हात घालता येतो.

दुसरी अडचण जुन्या आणि नव्या कायद्यांची. तुमची पुस्तके बहुधा 1936 चा वेतन प्रदान कायदा, 1947 चा औद्योगिक विवाद कायदा, 1948 चा कारखाने कायदा आणि 1972 चा ग्रॅच्युइटी कायदा शिकवतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून असे 29 केंद्रीय कायदे चार संहितांमध्ये सामावले गेले : वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा. मुलाखतीत संहितेप्रमाणे उत्तर द्यावे आणि जुन्या कायद्यात काय होते ते एका वाक्यात जोडावे. समोर बसलेल्या व्यवस्थापकाचे अर्धे आयुष्य जुन्या कायद्यात गेलेले असते, त्याला दोन्ही ऐकून बरे वाटते.

आता फिटरकडे येऊ.

‘फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांत’ ही समजूत इतकी पसरली आहे की पुष्कळांना तो कायदाच वाटतो. ती कंपन्यांची सवय आहे. ती पडली कशी, हे बघण्यासारखे आहे. जुन्या वेतन कायद्यात मालकाने कामावरून काढले तर दुसऱ्या कामाच्या दिवसाअखेर पगार चुकता करायचा, असे होते. पण स्वतःहून राजीनामा देणाऱ्याचा तिथे उल्लेख नव्हता. या मोकळ्या जागेत ‘पुढच्या पगाराबरोबर बघू’, मग ‘लेखापालाकडून आले की बघू’ असे होत होत दीड महिना रुळला. वेतन संहितेच्या सतराव्या कलमाने ती जागा भरली. काढून टाकलेला, कपातीत गेलेला, कारखाना बंद पडल्याने बेकार झालेला आणि राजीनामा दिलेला, या सगळ्यांचे वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचे. म्हणजे तुमचा फिटर शनिवारी शेवटची पाळी करून गेला आणि रविवार सुटीचा असेल, तर मंगळवारपर्यंत त्याच्या खात्यात पैसे जायला हवेत.

इथे लगेच दुसरा गोंधळ होतो. लोक ‘हिशेब’ या एकाच शब्दात तीन वेगळे पैसे कोंबतात. पहिले वेतन, म्हणजे चालू महिन्याचे दिवस आणि शिल्लक रजेचे पैसे. हे दोन कामाच्या दिवसांत. दुसरी ग्रॅच्युइटी. ती देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यायची, उशीर झाला तर व्याजासह. तिसरा भविष्य निर्वाह निधी. ते पैसे कारखान्याच्या तिजोरीत नसतातच, निधी संघटनेकडे असतात. कारखान्याचे काम एवढेच की त्याची नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर वेळेत भरायची. ही तारीख भरली नाही तर माणसाचे काम अडते. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती त्याला स्वतःला भरता येते, पण तोपर्यंत त्याने हात चोळत का बसावे? मुलाखतीत हे तीन पैसे आणि त्यांच्या तीन मुदती वेगळ्या करून सांगितल्या असत्या, तर कोणी हसले नसते.

आकडा असा काढायचा. समजा फिटरला महिन्याला एकूण 26,000 रुपये मिळतात. त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 10,000, बाकीचे 16,000 घरभाडे आणि वाहन भत्ता. पूर्वी ग्रॅच्युइटी 10,000 वर निघाली असती. नव्या संहितांनी ‘वेतन’ या शब्दाला एक मर्यादा घातली आहे : असे वगळलेले भत्ते एकूण रकमेच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर निम्म्यावरची रक्कम वेतनातच धरायची. 26,000 चे निम्मे 13,000. भत्ते 16,000, म्हणजे 3,000 जास्त. ते मूळ 10,000 मध्ये घातले की वेतन झाले 13,000.

ग्रॅच्युइटीसाठी महिना 26 दिवसांचा धरतात, कारण साप्ताहिक सुट्या वगळलेल्या असतात. 13,000 भागिले 26 म्हणजे दिवसाला 500. प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन, म्हणजे 7,500. सेवा सात वर्षे सात महिने. सहा महिन्यांपेक्षा जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष मानतात, म्हणून आठ वर्षे. 7,500 गुणिले 8, एकूण 60,000 रुपये. जुन्या पद्धतीने 10,000 वर काढली असती तर 46,154 च्या आसपास आली असती. जवळजवळ चौदा हजारांचा फरक केवळ पगारपत्रकाच्या रचनेतून पडतो. उमेदवाराने हा हिशेब तोंडी मांडला की त्याला पगारपत्रक वाचता येते हे समोरच्याला कळते. एमबीएच्या पदवीवरून ते कळत नाही.

‘पाच वर्षे झाली म्हणून’ या तुमच्या शब्दांतही एक छोटा खड्डा आहे. पाच वर्षांची अट कायम कामगाराला आहे, तीही मृत्यू किंवा अपंगत्व आले तर लागत नाही. ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसाला आता एका वर्षाच्या सेवेनंतर प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. म्हणूनच नेमणूक कोणत्या प्रकारची आहे हे आधी विचारायचे.

हे सगळे नोकरी सोडण्याच्या दिवशी उपयोगी पडायचे असेल तर त्याची तयारी रुजू होण्याच्या दिवशी झालेली असावी लागते. मुलाखतीत ‘ऑनबोर्डिंग कसे कराल’ असे विचारले की बहुतेक उमेदवार स्वागत, ओळख आणि कारखान्याची फेरी याबद्दल बोलतात. ते चांगलेच. पण विचारणाऱ्याच्या डोक्यात वेगळीच भीती असते, ती नावांच्या घोळाची. आधारवर एक स्पेलिंग, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरे, बँकेच्या पासबुकावर तिसरे. लग्नानंतर बाईचे आडनाव बदलले पण आधार माहेरच्या नावाचे. जन्मतारीख एका ठिकाणी 1 जून आणि दुसऱ्या ठिकाणी भलतीच. शाळेत घालताना गुरुजींनी 1 जून लिहून टाकलेली पिढी अजून कामावर आहे. रुजू होताना याकडे कोणी बघत नाही, कारण पगार तर होतोच. सात वर्षांनी निधी काढायला अर्ज केला की नाव जुळत नाही म्हणून तो परत येतो, आणि तेव्हा तो माणूस दुसऱ्या गावी दुसऱ्या पाळीत असतो.

म्हणून पहिल्या दिवसाचा क्रम ठरलेला असावा. आधार, पासबुक आणि जन्मतारखेचा पुरावा शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहायचे, तफावत असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात करायला लावायचा. मूळ प्रमाणपत्रे बघायची आणि परत द्यायची. ती कपाटात ठेवून घेण्याची जी पद्धत काही ठिकाणी आहे, तिच्यामुळे पुढे तंटेच होतात. मग विचारायचे, ‘याआधी कुठे निधी कापला जायचा का?’ अनेकजण ‘नाही’ म्हणतात, कारण आधीच्या ठिकाणी कंत्राटदाराकडे होते आणि कापले जात होते हे त्यांना माहीतच नसते. असे झाले की एकाच माणसाचे दोन यूएएन तयार होतात आणि पुढे दोन्ही एकत्र करण्यात दिवस जातात. यानंतर नियुक्तीपत्र. नव्या संहितेप्रमाणे ते प्रत्येक कर्मचाऱ्याला देणे बंधनकारक आहे, आणि ते त्याला कळणाऱ्या भाषेत असावे. कामाचे स्वरूप, वेतन, नोटीशीचा कालावधी त्यात असतो. आज जे वाक्य त्यात घातलेले नाही, त्यावर जाताना तुम्ही बोट ठेवू शकत नाही.

उरलेली गोष्ट वारस नेमणुकीची. निधी आणि ग्रॅच्युइटीसाठी वारसाची नोंद वेगवेगळी असते. अविवाहित असताना आईचे नाव घातलेला मुलगा लग्नानंतर ते बदलायला येत नाही, कारण त्याला कोणी सांगितलेलेच नसते. चांगला एचआर वर्षातून एकदा यादी काढतो, कोणाचे लग्न झाले, कोणाला मूल झाले, आणि अर्ज पुढे करतो. मुलाखतीत हे सांगितलेत तर ऐकणारा नक्की मान वर करील.

आता तक्रारींकडे वळू. तुम्हाला विचारले असेल, ‘तीन बाया येऊन सांगतात की पाळीचा सुपरवायझर जास्तीच्या तासांची नोंद घेत नाही. काय कराल?’ बहुतेक उमेदवार म्हणतात, ‘दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून समेट घडवीन.’ हे ऐकायला सज्जनपणाचे वाटते, पण क्रम उलटा आहे. काय घडले हेच अजून कळलेले नाही, मग समेट कशाचा? आणि सुपरवायझर समोर बसलेला असताना त्या बाया काय बोलणार?

क्रम असा : तक्रार लिहून घ्यायची, क्रमांक आणि तारीख टाकायची, प्रत त्यांना द्यायची. तोंडी असली तरी त्यांच्या शब्दांत लिहून वाचून दाखवायची. मग फाटकावरची येण्याजाण्याची नोंद आणि हजेरीपट शेजारी ठेवायचे. फाटकावर बाई रात्री आठला बाहेर पडलेली दिसते आणि हजेरीपटावर सहाला काम संपलेले दिसते, तर दोन तासांचे काय झाले हा प्रश्न आता सुपरवायझरला विचारता येतो. नोंदीच पुढे असल्यामुळे बाईंचे नाव मध्ये आणायची गरज पडत नाही. जास्तीच्या तासांना दुप्पट दराने पैसे द्यायचे असतात, हे तुम्हाला माहीतच असेल. म्हणजे थकबाकी किती हेही लगेच काढता येते.

यातून सुटले नाही तर तक्रार निवारण समिती. वीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या औद्योगिक आस्थापनेत ती असावी लागते. तिच्यात मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारखे असतात, एकूण दहापेक्षा जास्त नाहीत. अध्यक्षपद एका वर्षी एका बाजूला, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या बाजूला. स्त्री कामगारांच्या प्रमाणात स्त्री सदस्य. कामगाराने एका वर्षाच्या आत अर्ज करायचा, समितीने तीस दिवसांत काम पूर्ण करायचे. निर्णय बहुमताने होतो, पण त्यात कामगार प्रतिनिधींपैकी निम्म्याहून अधिक सहमत असावे लागतात. म्हणजे मालकाच्या माणसांनी एखादा कामगार प्रतिनिधी फोडून निर्णय लावून घेणे जमत नाही. निर्णय मान्य नसेल तर कामगार साठ दिवसांत समेट अधिकाऱ्याकडे जाऊ शकतो.

एक प्रकारची तक्रार मात्र या समितीकडे जाऊच नये. त्या तीन बायांपैकी एकीने नंतर थांबून हळूच सांगितले की सुपरवायझर वाईट नजरेने बोलतो, अंगाला हात लावतो, तर रस्ता बदलतो. 2013 च्या कायद्याप्रमाणे ती तक्रार अंतर्गत समितीकडे जाते. तिची अध्यक्ष स्त्री असते आणि एक सदस्य बाहेरचा असतो. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार, कारण असेल तर आणखी तीन महिने, आणि चौकशी नव्वद दिवसांत. तक्रार लिहिणे तिला जमत नसेल तर तिला मदत करणे हे समितीचे काम आहे. या प्रकरणात एचआरने स्वतःहून ‘मिटवून घ्या’ म्हणणे हीच मोठी चूक असते. समेट फक्त त्या बाईने मागितला तर, आणि तोही पैशाच्या मोबदल्यात नाही. मुलाखतीत या दोन समित्या कोणी वेगळ्या केल्या तर समजावे, याने काम केलेले आहे किंवा नीट अभ्यास तरी केलेला आहे.

आणि आता तुमचे तिसरे वाक्य, ‘त्याला थांबवायचा प्रयत्न करू’. थांबवायचे असेल तर ते बोलणे राजीनामा हातात आला त्या दिवशी करायचे, आणि ते त्याच्या विभागप्रमुखाने करायचे, कारण पगार किंवा पाळी बदलण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो. निरोपाचे बोलणे, म्हणजे एक्झिट इंटरव्ह्यू, वेगळे. माणूस जाणार हे नक्की झाल्यावर ते करायचे असते. त्याचा उपयोग जाणाऱ्याला नाही, मागे राहणाऱ्यांना होतो. दोन्ही एकत्र केले की माणूस समजतो, आता मी काय सांगतो यावर माझे पैसे अवलंबून आहेत. मग तो ‘घरगुती कारण’ असे सांगून मोकळा होतो.

यवतमाळसारख्या ठिकाणी हे आणखी अवघड असते. निघणाऱ्याचा चुलत भाऊ त्याच खात्यात असतो, मेव्हणा फाटकावर असतो. त्याने सुपरवायझरबद्दल काही सांगितले तर ते मागे राहिलेल्यांवर शेकेल, ही भीती खरी असते. म्हणून हे बोलणे त्याच्या थेट वरिष्ठाने घेऊ नये, आणि शक्यतो हिशेबाचा कागद हातात दिल्यानंतर घ्यावे. ‘तुमचे वेतन आज जमा झाले आहे, ग्रॅच्युइटी अमुक तारखेपर्यंत येईल, निधीत सोडल्याची तारीख भरली आहे, आता याच्याशी आपल्या बोलण्याचा काही संबंध नाही,’ हे आधी सांगितले की माणूस सैल होतो.

‘का चालला?’ हा प्रश्न शेवटी ठेवा. त्याला तयार उत्तर असते. त्याऐवजी विचारा, ‘दुसरीकडे बघावे असे पहिल्यांदा कधी वाटले?’ माणसाला कारण आठवत नाही, पण दिवस आठवतो. फिटर म्हणेल, ‘मागच्या दिवाळीनंतर रात्रपाळी लागली, तेव्हा.’ मग तुम्ही पाळीचा तक्ता काढून बघता. त्या दिवाळीनंतर त्याच विभागातून आणखी दोन जण गेलेले दिसतात. एका माणसाचे कारण त्याचे स्वतःचे असू शकते, पण तिघांनी एकाच महिन्याकडे बोट दाखवले तर पाळीच्या तक्त्यात काहीतरी आहे. एका मुलाखतीवरून कोणाला दोष लावायचा नाही, आणि मालकापुढे ठेवताना नावे न घालता ठेवायचे.

आणि ‘तुम्ही सांगाल ते गुप्त राहील’ असे सरसकट वचन द्यायचे नाही. निघताना एखाद्या बाईने छळाबद्दल सांगितले, किंवा कोणी यंत्राचा संरक्षक पत्रा काढून ठेवतात असे सांगितले, तर गप्प बसणे तुमच्या हातात नसते. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट करायचे : ‘तुमचे नाव घालणार नाही, पण कोणाच्या जिवाला धोका किंवा छळाची गोष्ट असेल तर ती मला पुढे न्यावी लागेल.’ हे ऐकून काहीजण कमी बोलतात. तरीही हेच बरे. वचन मोडून एकाचा विश्वास गमावला की पुढच्या दहा जणांचे तोंड बंद होते.

तुम्ही म्हणता, माणसे सांभाळायच्या कामाला एवढा कायदा कशाला. वरच्या सगळ्या प्रसंगांत कायद्याने एकच काम केले, ते म्हणजे मुदत घातली. दोन दिवस, तीस दिवस, नव्वद दिवस. मुदत ठरलेली असते तेव्हा माणसाला तुमच्या मर्जीवर थांबावे लागत नाही आणि तुम्हालाही मालकापुढे हात जोडावे लागत नाहीत. बाकी उरते ते ऐकून घेणे, आणि ते तुम्हाला येत असेल अशी खात्री तुमच्या पत्रावरून वाटते.

पुन्हा असा प्रश्न आला तर दोन मिनिटांत म्हणायचे ते असे : ‘आधी विचारीन, आपल्याकडे किती माणसे आहेत, हा कायम आहे की मुदतीवर आणि त्याच्या पगारपत्रकात मूळ किती. वेतन आणि शिल्लक रजा दोन कामाच्या दिवसांत, ग्रॅच्युइटी तीस दिवसांत, निधीत सोडल्याची तारीख लगेच. सेवा आठ वर्षे धरीन. पैशाचा कागद दिल्यावर वेगळ्या खोलीत त्याच्याशी बोलेन आणि सुरुवातीला विचारीन की दुसरीकडे बघावेसे पहिल्यांदा कधी वाटले.’

जाता जाता, बाभुळगावकर म्हणून एक गोष्ट आणखी वाचून जा. तुमच्या भागात सूतगिरणीपेक्षा जिनिंग जास्त, आणि तिथे मुलाखत दिलीत तर हंगामी कामगाराचा प्रश्न हमखास येईल. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की रेचे सुरू होतात, सरकी वेगळी होते, रुईच्या गठाणी बांधल्या जातात, आणि उन्हाळा आला की फाटक बंद होते. ‘हा माणूस बारमाही नाही, त्याला काय ग्रॅच्युइटी’ असे अनेकजण मानतात. तसे नाही. हंगामी आस्थापनेत जितके दिवस काम चालले त्याच्या किमान 75 टक्के दिवस तो कामावर असेल तर ती सेवा सलग मानतात, आणि हिशेब दर हंगामाला सात दिवसांच्या वेतनाचा असतो. वरच्याच 500 रुपये रोजाने दहा हंगामांचे 35,000 रुपये होतात. पण राज्य विम्याचे तसे नाही. फक्त जिनिंग-प्रेसिंगच करणारा कारखाना त्या कायद्यात हंगामी कारखाना ठरतो, आणि हंगामी कारखान्यांना तो कायदा लागूच नाही. ग्रॅच्युइटी आहे म्हणून विमाही असेल असे गृहीत धरून उत्तर दिलेत तर तिथले तिघेही हसतील. त्यांना ते माहीत असते, कारण दर हंगामात त्यांना कोणी ना कोणी कामगार हेच विचारत असतो.